नंबर बरोबर आहे, मग ऑनलाइन मागवलेल्या चष्म्याने डोकं का दुखतं?

चष्म्याच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहून मला सतरा वर्षं झाली. गेल्या काही वर्षांत एक तक्रार इतक्यांदा ऐकली आहे, की समोरच्याने खिशातून डबी काढली की पुढचं वाक्य मीच म्हणू शकेन. "ऑनलाइन मागवलाय. नंबर तोच टाकलाय. दिसतं पण नीट. पण घालवत नाही."

"दिसतं पण घालवत नाही" यातच अर्धं निदान आलं. नंबर चुकला असता तर बहुधा नीट दिसलंच नसतं. दिसतंय, तरी डोळे नको म्हणतायत, याचा अर्थ काच बहुधा बरोबर आहे, पण ती डोळ्यासमोर चुकीच्या जागी बसली आहे.

आधी लक्षणं बघा. तुमचं यातलं काही आहे का?

- तासाभराने भुवयांच्या वर किंवा डोळ्यांच्या मागे जड वाटतं. चष्मा काढला की दहा-पंधरा मिनिटांत उतरतं.
- डोळे "ओढल्यासारखे" वाटतात. हा शब्द लोक आपणहून वापरतात, मी सुचवत नाही.
- लांबचं बघताना त्रास, मोबाईल बघताना बरं. किंवा बरोबर उलट.
- फरशी एका बाजूला उतरती वाटते, जिन्याची पायरी चुकते.
- संध्याकाळी थकल्यावर अक्षरांना सावली येते, आणि एक डोळा मिटला की सावली जाते.
- चष्मा बोटाने मागे ढकलला की जास्त स्वच्छ दिसतं.
- प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असेल, तर वाचायला हनुवटी वर करावी लागते.

नवा सिलिंडर, म्हणजे काचेच्या एकाच दिशेत लागणारा जादा नंबर, मिळाला असेल किंवा नंबर बराच बदलला असेल, तर पहिला आठवडाभर थोडं गरगरणं चालतं. दोन आठवडे झाले आणि रोज तेच, तर ती "सवय" नव्हे. सवय होईल म्हणून महिना-महिना सोसणारे लोक मी पाहिले आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांनी शेवटी जुनाच चष्मा पुन्हा चढवलेला असतो.

पहिली तपासणी: एक-एक डोळा झाका. खर्च शून्य.

नवा चष्मा घालून लांबचं काहीतरी वाचा, समोरच्या दुकानाची पाटी चालेल. उजवा डोळा तळहाताने झाका, मग डावा. डोळा दाबू नका, नुसता झाका.

एकाच डोळ्याने बघतानाही पुसट दिसत असेल, तर दोष त्या काचेच्या नंबरात किंवा ॲक्सिसमध्ये, म्हणजे सिलिंडर ज्या कोनात बसवतात त्यात, आहे. तेवढ्यात आणखी एक गोष्ट करून बघा. तो एकच डोळा उघडा ठेवून फ्रेम किंचित फिरवा, घड्याळाचा काटा दोन-तीन मिनिटं सरकतो तेवढीच. फिरवल्यावर अक्षर खटकन स्वच्छ झालं तर सिलिंडरचा ॲक्सिस चुकलाय.

पण प्रत्येक डोळ्याने वेगळं बघताना झकास दिसतंय आणि दोन्ही उघडले की ओढ लागते, असं असेल तर पुढे वाचा. एका डोळ्याला काच थोडी सरकलेली असली तरी फारसं कळत नाही, तो आपला त्या दिशेला वळतो. भांडण सुरू होतं ते दोन डोळ्यांना मिळून एकच चित्र जुळवावं लागतं तेव्हा.

दुसरी: बिल आणि चिठ्ठी शेजारी ठेवा.

कंटाळवाणं काम आहे, पण मायनसच्या जागी प्लस, उजव्याच्या जागी डावा, १८० च्या जागी ८० हे सगळं मी पाहिलंय. टाकणाऱ्याचीच चूक असते, दुकानाची नव्हे. यात एक रकाना मुद्दाम बघा: PD. दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं मिलिमीटरमधलं अंतर म्हणजे पीडी. आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो. मग ऑर्डर देताना माणूस तो रकाना मोकळा सोडतो किंवा "माहीत नाही" दाबतो, आणि काच कुठल्यातरी सरासरी आकड्यावर बसवली जाते. मोठ्या माणसांत हे अंतर साधारण ५४ ते ७४ च्या दरम्यान असतं, सरासरी ६३ च्या आसपास. तुमचा पीडी ६२-६३ असेल तर सरासरीवर तुमचं निभावून जातं. ५७ किंवा ६९ असेल तर नाही.

तिसरी: फ्रेम बसते का?

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण घरच्या घरी सुटणाऱ्या बहुतेक तक्रारी इथेच सुटतात.

चष्म्याच्या दोन्ही काड्या उघडून तो सपाट टेबलावर उलटा ठेवा, फ्रेमची वरची कड टेबलाला लागेल असा. बोटाने हलकेच टिचकी मारा. डगमगला तर फ्रेम पिळलेली आहे. कुरियरच्या पाकिटात फ्रेम पिळणं अगदी नेहमीचं.

मग चष्मा घालून आरशात बघा. उजवी आणि डावी काच गालापासून सारख्याच अंतरावर आहे का? वरची कड भुवयांशी समांतर आहे का? मान खाली घालून दोनदा हलवा, घसरतो का? हसल्यावर गाल काचेला उचलतात का?

एक बाजू चेहऱ्याला जास्त चिकटत असेल तर त्याच बाजूची काडी बिजागरीपाशी किंचित आत घ्यायची. एक बाजू वर राहत असेल तर त्याच बाजूची काडी वरच्या दिशेला वाकवायची. वाचताना हे उलटं वाटतं, पण काडी कानावर टेकलेली असते, ती वर गेली की पुढची बाजू खाली येते. धातूच्या फ्रेमला हे हाताने जमतं. जाड ॲसिटेट प्लास्टिकच्या फ्रेमची काडी आधी कोमट-गरम पाण्यात मऊ करावी लागते, आणि पाणी फक्त काडीला लागू द्यायचं. काच गरम पाण्यात बुडवली तर तिच्या कोटिंगला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात आणि त्या पुसून जात नाहीत. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त, लवचीक टीआर-९० फ्रेमा वाकवल्या तरी परत होत्या तशा होतात, त्यांच्याशी फार झुंजू नका. रिमलेस फ्रेमला तर घरी हातच लावू नका, भोकापाशी काच तडकते.

घसरण्याचा आणि डोकेदुखीचा संबंध काय, असं लोक विचारतात. काच डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिमीवर असावी असं धरलेलं असतं. मायनस ८ ची काच नाकावरून चार मिमी पुढे सरकली, तर डोळ्याला ती पावणेआठचीच लागू पडते, म्हणजे पाव नंबर हवेत गेला. चष्मा मागे ढकलला की स्वच्छ दिसतं त्याचं कारण हेच. प्लसचं उलटं आहे, पुढे सरकली की तिचा जोर वाढतो. म्हणून काही आजोबा वाचताना चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतात. मायनस २ वाल्याला या हिशोबाने काहीच फरक पडत नाही. चारच्या पुढे पडतो.

घसरतोय त्याचं मूळ मात्र बहुधा फ्रेमच्या मापात असतं. काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात `54□18 140` असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. नाकाचा पूल बसका असेल आणि फ्रेम प्लास्टिकची, नोज पॅड नसलेली असेल, तर १८ चा ब्रिज टेकतच नाही, फ्रेम गालावर बसते. अशा नाकाला पॅडवाली धातूची फ्रेम घ्या, पॅड वाकवून जवळ आणता येतात. पहिले दोन आकडे बाजूला लिहून ठेवा, पुढे लागतील.

चौथी: पीडी मोजा. लागतं काय, मिमीच्या खुणांची एक पट्टी.

कंपासपेटीतली पारदर्शक पट्टी घ्या. आरशासमोर वीतभर अंतरावर उभे राहा, पट्टी भुवयांखाली, नाकाच्या पुलावर आडवी धरा. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने आरशातल्या उजव्याच डोळ्याकडे बघत शून्याची रेघ बाहुलीच्या मध्यावर आणा. आता डोकं आणि पट्टी जराही न हलवता उजवा मिटा, डावा उघडा, आणि डाव्या बाहुलीच्या मध्यावर कोणता आकडा येतो तो वाचा. असं पाच वेळा करा. पाचात तीनदा एकच आकडा आला तर तो तुमचा.

आपल्या लोकांची अडचण अशी, की डोळे काळेभोर, बाहुली कुठे संपते आणि बुबुळ कुठे सुरू होतं ते आरशात दिसतच नाही. मग बाहुली सोडून द्या. उजव्या बुबुळाची कानाकडची कड ते डाव्या बुबुळाची नाकाकडची कड एवढं अंतर मोजा. आकडा तोच येतो, आणि काळं-पांढरं जिथे भेटतं ती रेघ कुणालाही दिसते.

घरातलं कुणी मोजणार असेल तर त्याने हातभर अंतरावर समोर, डोळ्यांच्या पातळीला बसायचं आणि स्वतःचा उजवा डोळा मिटायचा. तुम्ही त्याच्या उघड्या डाव्या डोळ्याकडे बघा, तो शून्य तुमच्या उजव्या बाहुलीवर लावेल. मग तो डोळे बदलेल, तुम्ही त्याच्या उजव्या डोळ्याकडे बघा, तो तुमच्या डाव्या बाहुलीवरचा आकडा वाचेल. ही डोळे मिटण्याची कवायत वगळली, की तुमचे दोन्ही डोळे त्याच्या नाकावर एकवटतात आणि माप तीनेक मिमी कमी येतं.

फोनच्या कॅमेऱ्याने कार्ड कपाळाला लावून मोजतात त्यातही हीच गफलत होऊ शकते. फोन हातभर अंतरावर असतो, तुम्ही त्याच्याकडे बघता, डोळे आत वळतात. काही ॲप ती भर घालतात, काही नाही, आणि कोणतं काय करतं हे स्क्रीनवर लिहिलेलं नसतं. म्हणून फोनचा आकडा आला तरी पट्टीने ताडून बघा.

पाचवी: काचेचं सेंटर कुठे आहे ते शोधा.

प्रत्येक नंबरच्या काचेत एक जागा अशी असते जिथून प्रकाश न वाकता सरळ जातो. तिला ऑप्टिकल सेंटर म्हणतात. ती जागा फ्रेमच्या भोकाच्या मधोमध असेलच असं नाही, आणि असावी असंही नाही. ती तुमच्या बाहुलीसमोर हवी.

बाथरूमच्या भिंतीवरच्या टाइल्स यासाठी उत्तम. चार टाइल्स जिथे भेटतात तो चौक घ्या, दीड-दोन मीटर लांब उभे राहा. चष्मा हातभर लांब, सरळ धरा, एक डोळा मिटून एका काचेतून त्या चौकाकडे बघा. काचेच्या आतली रेघ आणि बाहेरची रेघ यांच्यात पायरी पडलेली दिसेल. चष्मा डावीकडे-उजवीकडे, वर-खाली सरकवत जा. एका जागी पायरी मिटेल आणि आतल्या-बाहेरच्या रेघा सलग होतील. त्या वेळी चौक काचेच्या ज्या बिंदूतून दिसतो तिथे व्हाइटबोर्डच्या मार्करने ठिपका द्या. सिलिंडर असेल तर रेघा थोड्या तिरक्या दिसतील. तिरकेपणाकडे दुर्लक्ष करा, चौकाचा मध्य जागेवर आला की झालं. दुसऱ्या काचेवरही तसंच, आणि मग दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजा.

मोठ्या नंबरला हे माप मिमीभराच्या आत येतं. एक-दीड नंबरला ठिपका कुठे द्यावा हेच कळत नाही, पण तिथे चार मिमीची चूक झाली तरी डोळ्याला पत्ता लागत नाही. प्रोग्रेसिव्ह काचेला ही युक्ती चालत नाही. आणि चिठ्ठीत डॉक्टरांनी मुद्दाम प्रिझम लिहिलेला असेल, तर सेंटर सरकलेलंच असणार, तुम्ही काही ठरवू नका.

आता गणित, आणि ते एकच आहे. सेंटर बाहुलीपासून जितके मिमी सरकलं, त्याला नंबराने गुणा आणि दहाने भागा. आलेला आकडा म्हणजे त्या डोळ्यासमोर नकळत बसलेला प्रिझम. एक प्रिझम म्हणजे एक मीटर लांबची वस्तू एक सेंटिमीटर बाजूला सरकलेली दिसणं. दोन्ही डोळ्यांचे मिळून किती चालतात? अमेरिकेच्या ANSI Z80.1 मानकात तयार चष्म्याला लहान नंबरांत आडव्या दिशेत सुमारे दोन तृतीयांश आणि उभ्या दिशेत एक तृतीयांश प्रिझम इतकीच सूट आहे, मोठ्या नंबरांत सेंटर आडवं अडीच मिमी आणि उभं एक मिमी चुकलेलं चालतं. माणसं त्याहून जास्त सोसतात, पण सोसतात.

एक मुलगी मागच्या पावसाळ्यात आली होती, तिचाच हिशोब मांडतो. उजवा मायनस ६.५०, डावा मायनस ६. चेहरा अरुंद, नाजूक. ऑनलाइन घेतलेली फ्रेम ५४-१८, तोंडभर मोठी, फॅशनची. ती म्हणाली, "काका, मोबाईलवर दिवसभर काही होत नाही. स्टेशनवर इंडिकेटर बघितला की डोळे ओढतात, कधीकधी दोन-दोन गाड्या दिसतात." हे ऐकल्यावर मी पट्टी काढली.

पीडी निघाला ५८. काचेच्या दोन सेंटरमधलं अंतर ६४. तिने रकाना मोकळा सोडला होता. म्हणजे सहा मिमीचा फरक, प्रत्येक डोळ्याला तीन. उजवीकडे ६.५ गुणिले ३ भागिले १०, जवळपास दोन प्रिझम. डावीकडे १.८. मिळून पावणेचार. सहा मिमी म्हणजे मानकाच्या अडीच मिमीच्या सुटीच्या दुपटीहून जास्त.

दिशा त्याहून वाईट होती. मायनसची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. सेंटर बाहुल्यांच्या बाहेरच्या बाजूला गेलं, की माणूस सेंटरच्या आतल्या, नाकाकडच्या जाड होत जाणाऱ्या भागातून बघतो. त्या प्रिझममुळे दोन चित्रं एक करायला डोळ्यांना बाहेर फाकावं लागतं. डोळे आत वळवण्याची ताकद आपल्यात भरपूर असते, दिवसभर वाचताना तेच तर करतो. बाहेर फाकवण्याची मात्र फारच थोडी, लांबचं बघताना सातेक प्रिझमला चित्र फुटतं. तिची निम्मी शिल्लक चष्माच खात होता. मोबाईल बघताना डोळे मुळातच आत वळलेले, त्यांना तेवढं कमी वळावं लागायचं, म्हणून तिथे बरं वाटायचं.

यावरून एक व्यवहार लक्षात ठेवा. मायनसवाल्याला पीडी जास्त धरला गेला तर त्रास मोठा, थोडा कमी धरला गेला तर डोळे सांभाळून घेतात. प्लसवाल्याचं उलट.

उभ्या दिशेत तर सोसायची ताकद जवळजवळ नसतेच. फ्रेम दोन्ही डोळ्यांना सारखीच खाली बसली आणि दोन्ही नंबर सारखे असले तर दोन्ही चित्रं बरोबरीने सरकतात, काही बिघडत नाही. पण एक सेंटर दुसऱ्यापेक्षा दोन मिमी वर असेल आणि नंबर ६ असेल, तर १.२ प्रिझमचा उभा फरक पडला. एक डोळा वर आणि एक खाली करायला आपण शिकलेलोच नाही. फरशी उतरती वाटते ती बहुतेकदा इथून. म्हणून ठिपके दिल्यावर त्यांची उंचीही बघा. चष्मा घालून आरशात दोन्ही ठिपके बाहुल्यांपासून सारख्याच उंचीवर दिसले पाहिजेत. एकच वर असेल आणि फ्रेमही तिरकी बसत असेल, तर आधी तिसऱ्या तपासणीकडे परत जा. कदाचित काडी वाकवूनच काम होईल.

मोठी फ्रेम आणि जाड काच

मुलीने विचारलं, "मग याच फ्रेममध्ये बरोबर काच बसवून द्या ना." देता येते, पण आता ते दोन आकडे काढा. ५४ आणि १८ मिळून ७२. हे दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर. तिचा पीडी ५८. फरक १४, म्हणजे प्रत्येक काचेचं सेंटर भोकाच्या मध्यापासून सात मिमी नाकाकडे ओढावं लागणार. तेवढा कानाकडचा भाग लांबतो, आणि मायनसची काच सेंटरपासून जितकी लांब जाईल तितकी जाड होते. काचेच्या मालाचा इंडेक्स जितका मोठा तितकी काच पातळ. १.६ इंडेक्सच्या काचेत तिची कानाकडची कड अंदाजे पावणेआठ मिमी झाली असती, आत्ता होती त्याहून मिमीभर जाडच.

४८-१८ ची फ्रेम घेतली तर बेरीज ६६, फरक आठ, प्रत्येकी चारच मिमी ओढायचं. कड साधारण पावणेसहा मिमी. म्हणजे दोन मिमी वाचले, तेही काच न बदलता. त्याच ५४ च्या फ्रेममध्ये महागडी १.७४ ची काच टाकली असती तर वाचला असता सव्वा मिमी. पातळ काचेला पैसे मोजण्याआधी छोटी फ्रेम बघा, हे मी काउंटरवर रोज सांगतो. धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचं नाही, पण खरं आहे.

तिच्या बाबतीत एक गोष्ट नशिबाने जुळली. आधीच्या काचेत सेंटरपासून कानाकडे ३१ मिमी आणि नाकाकडे २३ मिमी माल होता. ४८ च्या फ्रेममध्ये ५८ पीडीला लागतात २८ आणि २०. दोन्हीकडे तीन-तीन मिमी शिल्लक, उंचीतही जागा होती. त्याच काचा नव्या छोट्या फ्रेमला पुन्हा घासून बसवता आल्या. प्रत्येक वेळी असं होत नाही. काच मोठी करता येत नाही, आणि सेंटर काचेतल्या काचेत हलवता येत नाही. शिवाय घासताना मशीनवर गुळगुळीत कोटिंगची काच घसरली तर ॲक्सिस फिरतो, म्हणून बरेच दुकानदार बाहेरची काच घासायला नाही म्हणतात किंवा जोखीम तुमची असं लिहून घेतात. त्यांचं चूक नाही.

प्रोग्रेसिव्ह असेल तर

थोडक्यात सांगतो, कारण घरी करण्यासारखं यात थोडंच आहे. या काचेला पीडीबरोबर उंचीही लागते, म्हणजे ती फ्रेम तुमच्या नाकावर बसवून बाहुलीचा मध्य खालच्या कडेपासून किती मिमीवर येतो ते माप. पीडीसुद्धा उजवा-डावा वेगळा हवा, कारण नाक नेमकं मधोमध असतंच असं नाही. फ्रेम हातात नसताना हे माप घेताच येत नाही. वाचायला हनुवटी वर करावी लागत असेल तर काच खाली बसली आहे. लांबचं बघायला हनुवटी छातीकडे घ्यावी लागत असेल तर वर बसली आहे. नोज पॅड दाबून किंवा उघडून मिमी-दोन मिमी इकडेतिकडे करता येतं, त्याच्या पुढे काच नवीनच. प्रोग्रेसिव्ह काचेवर ३४ मिमी अंतरावर दोन अगदी बारीक कोरलेल्या खुणा असतात, उजेडाकडे तिरकी धरली की दिसतात. दुकानदार त्यांच्यावरून काच कशी बसवली ते शोधून काढतो. पहिला प्रोग्रेसिव्ह चष्मा तरी समोरासमोर बसून करून घ्या.

इथे थांबा

टेबलावर डगमग नाही, पीडी आणि ठिपके जुळतात, तरी त्रास आहे, तर घरचे उपाय संपले. दुकानात किंवा ऑप्टोमेट्रिस्टकडे जाऊन लेन्सोमीटरवर नंबर, ॲक्सिस आणि सेंटर तपासून घ्या. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. डाव्या-उजव्या नंबरात दोनपेक्षा जास्त फरक असेल, चिठ्ठीत प्रिझम असेल किंवा चष्मा लहान मुलाचा असेल, तर मधल्या पायऱ्या सोडून थेट तिथेच जा. मुलांचा पीडी दरवर्षी बदलतो, आणि मूल चष्म्याची तक्रार करत नाही, नुसतं काढून ठेवतं.

पुढच्या गोष्टी चष्म्याच्या नाहीतच, त्यांना नेत्रतज्ज्ञच हवेत. एकच डोळा उघडा असतानाही एका वस्तूच्या दोन दिसत असतील तर मोतीबिंदू, बुबुळ असं काही तपासावं लागेल. अचानक काळे ठिपके तरंगायला लागले, विजेसारखे झोत दिसले किंवा कडेने पडदा आल्यासारखं झालं तर त्याच दिवशी जा. मोठ्या मायनस नंबरवाल्यांना डोळ्याच्या आतला मागचा पडदा सुटण्याचा धोका मुळातच जास्त असतो. अचानक दोन-दोन दिसायला लागलं आणि सोबत पापणी खाली आली, तीव्र डोकेदुखी झाली किंवा बोलणं अडखळलं, तर चष्म्याचा विचार सोडा, रुग्णालय गाठा.

आणि सेंटर चुकलेलंच निघालं तर विकणाऱ्याला "डोकं दुखतं" एवढंच लिहू नका, त्यावर "सवय होईल" असं उत्तर येतं. लेन्सोमीटरवर सेंटरचे ठिपके देऊन घ्या, दोन ठिपक्यांवर पट्टी ठेवून फोटो काढा, आणि लिहा: माझा पीडी ५८, काचेचा ६४, नंबर मायनस ६.५० आणि ६. तुम्ही रकान्यात ५८ भरला असेल तर काच बदलून मागायचा हक्क तुमचा. मोकळा सोडला असेल तर मात्र त्या मुलीसारखं काचेत घासायला किती मिमी उरलेत ते आधी मोजून घ्या.